रास्त पीई किती? वाढ, लाभांश आणि अपेक्षित परतावा यांवरून काढायची रीत

शेअरचा पीई, म्हणजे भाव भागिले प्रतिशेअर नफा, २५ आहे. महाग की स्वस्त? बहुतेक वेळा उत्तर त्याच क्षेत्रातल्या दुसऱ्या कंपन्यांकडे बघून दिलं जातं. त्यांचा ३० असेल तर हा स्वस्त, २० असेल तर महाग. पण सगळं क्षेत्रच चढ्या भावाला विकलं जात असेल, तर या तुलनेतून हाती काहीच लागत नाही. त्यापेक्षा त्या कंपनीचा पीई मुळात किती असायला हवा हे तिच्याच आकड्यांवरून काढावं आणि मग बाजारभावाकडे पाहावं. त्यासाठी तीनच गोष्टी लागतात: नफ्याच्या वाढीचा दर, नफ्यातला किती हिस्सा लाभांश म्हणून वाटला जातो ते प्रमाण (पेआउट), आणि तुम्हाला या शेअरकडून हवा असलेला परतावा.

गणित चार ओळींचं आहे. कठीण आहे ते या तीन आकड्यांचं एकमेकांशी असलेलं नातं सांभाळणं. ते सुटलं की सूत्र निमूटपणे चुकीचं उत्तर देतं, आणि ते उत्तर दिसायला अगदी विश्वासार्ह असतं.

सूत्र येतं कुठून

कायम एकाच दराने वाढणाऱ्या लाभांशाचं आजचं मूल्य म्हणजे पुढच्या वर्षीचा लाभांश भागिले अपेक्षित परतावा वजा वाढीचा दर. शेअर बाजारात याला गॉर्डन मॉडेल म्हणतात. आता पुढच्या वर्षीचा लाभांश म्हणजे पुढच्या वर्षीचा नफा गुणिले पेआउट. दोन्ही बाजूंना पुढच्या वर्षीच्या नफ्याने भागलं की डावीकडे पीई उरतो:

```
Forward P/E  = payout / (r - g)
Trailing P/E = payout * (1 + g) / (r - g)
```

इथे r म्हणजे अपेक्षित परतावा आणि g म्हणजे वाढीचा दर. पहिला पीई पुढच्या वर्षीच्या नफ्यावर, दुसरा मागच्या बारा महिन्यांच्या नफ्यावर. वेबसाइटवर दिसणारा पीई बहुधा दुसऱ्या प्रकारचा असतो. त्याची तुलना पहिल्या सूत्राच्या उत्तराशी केली, तर वाढ १० टक्के असताना शेअर आहे त्यापेक्षा दहा टक्के महाग भासतो. म्हणून सुरुवातीलाच एक प्रकार ठरवावा आणि शेवटपर्यंत तोच ठेवावा. पुढचं गणित मागच्या बारा महिन्यांच्या नफ्यावर आहे, फक्त वाढीला किंमत केव्हा असते ते दाखवणारा तक्ता पुढच्या वर्षीच्या नफ्यावर आहे.

आकडे गोळा करणे

उदाहरणासाठी ग्राहकोपयोगी वस्तू बनवणारी, कर्ज नसलेली, बऱ्यापैकी जुनी अशी एक काल्पनिक कंपनी घेऊ. प्रतिशेअर नफा (ईपीएस) ४० रुपये, लाभांश २४ रुपये, वर्षाच्या सुरुवातीला पुस्तकी मूल्य १६० रुपये, बाजारभाव १,००० रुपये. म्हणजे पीई २५.

नफा घेताना वार्षिक अहवालातली एकत्रित म्हणजे कन्सॉलिडेटेड पत्रकं उघडावीत आणि मूळ कंपनीच्या भागधारकांच्या वाट्याचा नफा घ्यावा. एकट्या कंपनीचे आकडे घेतले तर उपकंपन्यांचा नफा सुटतो. फरक किती पडतो याचं उदाहरण निफ्टीचंच आहे. २०२१ च्या मार्चअखेरीस एनएसईने निर्देशांकाचा पीई एकट्या कंपन्यांच्या नफ्याऐवजी एकत्रित नफ्यावर काढायला सुरुवात केली, आणि बाजार जागचा हलला नसतानाही तो आकडा एका झटक्यात बराच खाली आला. त्यामुळे त्याआधीची आणि नंतरची निफ्टीची पीई मालिका सरळ जोडून सरासरी काढू नये.

जमीन विकून आलेला पैसा, जुन्या कराचा परतावा, कारखाना बंद केल्याचा तोटा अशा एकदाच घडणाऱ्या बाबी नफ्यातून काढून टाका. नफा-तोटा पत्रकात त्या बहुधा अपवादात्मक बाबी म्हणून वेगळ्या दाखवलेल्या असतात. करावर होणारा त्यांचा परिणामही काढायला विसरू नका.

पेआउट एका वर्षाचा घेऊ नये. एखाद्या वर्षी विशेष लाभांश दिलेला असतो, एखाद्या वर्षी हात आखडता घेतलेला असतो. पाच वर्षांचा एकूण लाभांश भागिले पाच वर्षांचा एकूण नफा हे प्रमाण जास्त भरवशाचं. कंपनी नियमितपणे बायबॅक करत असेल तर तो पैसाही भागधारकांकडेच जातो, म्हणून तो लाभांशात मिळवा. सेबीच्या नियमाप्रमाणे बाजारमूल्याने पहिल्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना लाभांश धोरण जाहीर करावं लागतं. त्यात काही कंपन्या पेआउटचा पट्टा लिहून देतात, तो एकदा वाचून घ्यावा. आपल्या कंपनीचा पेआउट ६० टक्के धरू.

वाढीचा दर अंदाजाने घालू नका, काढा

इथेच बहुतेक जण घसरतात. पेआउट अहवालातून घेतला जातो आणि वाढीचा दर कुणाच्या तरी रिपोर्टमधून. मग एकाच सूत्रात दोन वेगळ्या कंपन्या बसवल्यासारखं होतं. वाढ हवेतून येत नाही. नफ्यातला जो भाग वाटला नाही तो धंद्यात राहतो, आणि त्या पैशावर कंपनी जे कमावते तीच पुढच्या वर्षीची वाढ:

```
g = ROE * (1 - payout)
```

आपल्या कंपनीत हे रुपयांत पाहू. सुरुवातीचं पुस्तकी मूल्य १६०, त्यावर नफा ४०, म्हणजे भागभांडवलावरचा परतावा (आरओई) २५ टक्के. ४० पैकी २४ वाटले, १६ राहिले. पुस्तकी मूल्य झालं १७६. पुढच्या वर्षी त्यावर २५ टक्क्यांनी नफा येईल ४४ रुपये. ४० चे ४४ म्हणजे १० टक्के वाढ, आणि सूत्रानेही २५ गुणिले ०.४ म्हणजे १० टक्केच. आरओई काढताना वर्षाच्या सुरुवातीचं पुस्तकी मूल्य घ्या. अखेरचं घेतलं तर हाच आकडा २२.७ टक्के येतो आणि वाढीचा दर कमी निघतो.

इथे आणखी एक बारकावा आहे. वाढीसाठी महत्त्वाचा आरओई म्हणजे नव्याने गुंतवलेल्या पैशावरचा परतावा. जुन्या कारखान्यावर आणि जुन्या ब्रँडवर २५ टक्के मिळत असतील, म्हणून उद्याच्या कारखान्यावरही तेवढेच मिळतील असं नाही. हे तपासायला पाच वर्षांत नफा किती रुपयांनी वाढला ते घ्या आणि त्या पाच वर्षांत किती नफा राखून ठेवला त्याने भागा. हा आकडा सध्याच्या आरओईपेक्षा बराच खाली असेल, तर तोच जास्त खरा मानावा.

अपेक्षित परतावा

नेहमीची रीत अशी: दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचा परतावा, अधिक बीटा, म्हणजे बाजाराच्या तुलनेत हा शेअर किती हलतो ते प्रमाण, गुणिले शेअर बाजाराच्या जोखमीसाठीचा वाढावा. रोख्याचा परतावा ७ टक्के, वाढावा ६ टक्के आणि बीटा ०.९ धरला, तर उत्तर १२.४ येतं. या तीनपैकी फक्त रोख्याचा आकडा बाजारात छापलेला मिळतो, बाकी दोन अंदाज आहेत. म्हणून दशांशावर अडून न राहता १२.५ टक्के धरू, आणि शेवटी ११ व १४ धरूनही गणित करून पाहू.

परतावा आणि वाढ दोन्ही महागाईसकट धरायचे की दोन्ही महागाई वगळून, हे एकदाच ठरवावं. रोख्याचा ७ टक्के परतावा महागाईसकट असतो, तेव्हा वाढीचा दरही तसाच हवा. कराचंही तेच. एप्रिल २०२० पासून लाभांशावरचा कर गुंतवणूकदाराच्या हातात लागतो. सूत्रात लाभांश करपूर्व आहे आणि रोख्याचा परतावाही करपूर्व, म्हणून अपेक्षित परतावाही करपूर्वच ठेवला आहे.

पहिलं उत्तर, आणि ते का मानू नये

आता आकडे घालू. ०.६ गुणिले १.१० भागिले (०.१२५ वजा ०.१०). उत्तर २६.४. बाजारात पीई २५, म्हणजे शेअर थोडा स्वस्तच. बरेच जण इथे थांबतात.

पण छेद फक्त अडीच टक्क्यांचा आहे हे पाहा. अपेक्षित परतावा १३ टक्के धरला तर छेद तीन टक्क्यांचा होतो आणि पीई २२ वर येतो. १२ धरला तर ३३ वर जातो. अर्ध्या टक्क्याच्या मतभेदाने उत्तर इतकं हलत असेल, तर ते उत्तर कंपनीबद्दल फार थोडं सांगतं. छेद चार टक्क्यांच्या खाली गेला की एका दराचं हे सूत्र बाजूला ठेवावं, असा माझा नियम आहे.

दुसरी अडचण जास्त मूलभूत. या सूत्रात १० टक्के वाढ कायमची आहे. भारताचा जीडीपी महागाईसकट साधारण याच वेगाने वाढत आला असला, तरी तो वेगही कायम राहणार नाही, आणि एकच कंपनी अनंत काळ त्या वेगाने धावेल असं धरणं म्हणजे स्पर्धा कधीच येणार नाही असं धरणं. कायमच्या वाढीसाठी सरकारी रोख्याच्या परताव्यावर कुंपण घालावं. तो ७ असेल तर वाढ ७ च्या वर नाही.

२६.४ पैकी पहिल्या दहा वर्षांच्या लाभांशाचा वाटा किती, हे मोजलं तर तो फक्त ५.३ निघतो. उरलेले २१.१, म्हणजे ऐंशी टक्के, अकराव्या वर्षानंतरचे आहेत. ज्या काळाबद्दल आपल्याला सगळ्यात कमी ठाऊक, त्याच काळावर उत्तर उभं आहे.

दोन टप्प्यांचं गणित

म्हणून काळाचे दोन भाग करू. पहिली दहा वर्षं कंपनी आज आहे तशीच चालेल: वाढ १० टक्के, आरओई २५, पेआउट ६०. त्यानंतर वाढ ७ टक्के आणि नव्या पैशावरचा परतावा घसरून १७.५ टक्के. दुसऱ्या टप्प्याचा पेआउट अंदाजाने घालायचा नाही, तोही नात्यातूनच काढायचा: १ वजा ७ भागिले १७.५, म्हणजे योगायोगाने पुन्हा ६० टक्के.

एक्सेलमध्ये बी स्तंभात हे भरा:

```
B1   0.10     g, टप्पा 1
B2   0.25     ROE, टप्पा 1
B3   10       वर्षे
B4   0.07     g, टप्पा 2
B5   0.175    ROE, टप्पा 2
B6   0.125    r
B7   =1-B1/B2
B8   =1-B4/B5
B9   =(1+B1)/(1+B6)
B10  =B7*B9*(1-B9^B3)/(1-B9)
B11  =B8*(1+B4)/(B6-B4)*B9^B3
B12  =B10+B11
```

बी१० मध्ये पहिल्या दहा वर्षांचा वाटा येतो, बी११ मध्ये त्यानंतरचा, आणि बी१२ हा रास्त पीई. आकडे येतात ५.३१, ९.३२ आणि १४.६४. म्हणजे ४० रुपये नफ्यावर रास्त भाव साधारण ५८५ रुपये. बाजारात तो १,००० आहे. पहिल्या टप्प्यातली वाढ आणि अपेक्षित परतावा नेमके सारखे घातले तर बी९ एक होतो आणि बी१० मध्ये शून्याने भागल्याची चूक दिसते. तेव्हा बी१० मध्ये `=B7*B3` लिहा.

पहिला टप्पा अजिबात न बदलता पीई २६ वरून १५ च्या खाली आला. फक्त दहा वर्षांनंतरची वाढ तीन टक्क्यांनी कमी केली. महागड्या शेअरबद्दलचा वाद बहुतेक वेळा पुढच्या तिमाहीवरून होतो, पण गणितात खरं वजन त्या दूरच्या तीन टक्क्यांचं आहे.

वाढीला किंमत केव्हा असते

दोन्ही सूत्रं एकत्र केली की मला सगळ्यात उपयोगी वाटणारं रूप मिळतं:

```
Forward P/E = (1 - g/ROE) / (r - g)
```

अपेक्षित परतावा १२.५ टक्केच ठेवून नव्या पैशावरचा आरओई बदलून पाहू.

| वाढ | आरओई १० | आरओई १२.५ | आरओई २० |
|---|---|---|---|
| ० टक्के | ८.० | ८.० | ८.० |
| ५ टक्के | ६.७ | ८.० | १०.० |
| ८ टक्के | ४.४ | ८.० | १३.३ |

मधला स्तंभ हलतच नाही. कंपनी राखलेल्या पैशावर तेवढंच कमावत असेल जेवढं तुम्हाला हवं आहे, तर ती वाढो वा न वाढो, पीई १ भागिले ०.१२५ म्हणजे ८ च राहतो. डावीकडच्या स्तंभात वाढ जितकी जास्त तितका पीई कमी. भागधारकाचे पैसे घेऊन ती कंपनी त्याच्या अपेक्षेपेक्षा कमी कमावते आहे, त्यामुळे वेगाने वाढली की वेगाने मूल्य घालवते. पेआउट अहवालातला तसाच ठेवून फक्त वाढ वाढवत गेलात, तर हा डावा स्तंभ तुम्हाला कधीच दिसणार नाही. तुमच्या शीटमध्ये वाढ वाढवली की पीई प्रत्येक वेळी वाढतो का, ते तपासा. आरओई अपेक्षित परताव्यापेक्षा बराच कमी असतानाही वाढत असेल, तर पेआउटचा आकडा बहुधा हाताने टाकलेला आहे, सूत्राने काढलेला नाही.

आपल्या उदाहरणातल्या दुसऱ्या टप्प्याला हीच कसोटी लावू. दहा वर्षांनंतरही नव्या पैशावर २५ टक्के मिळत राहिले, तर ७ टक्के वाढीसाठी २८ टक्केच नफा राखावा लागेल, पेआउट ७२ होईल आणि पीई १६.५ येईल. स्पर्धेने तो परतावा अगदी १२.५ वर आणला, तर पीई १२.२. म्हणजे कंपनीची मक्तेदारी टिकते की नाही, या प्रश्नाचं वजन साधारण चार पीई इतकं आहे.

उलट दिशेने

स्वतःचे अंदाज बाजारावर लादण्यापेक्षा बाजार काय गृहीत धरतो आहे ते काढणं कधीकधी जास्त उपयोगी पडतं. एक्सेलमध्ये डेटा टॅबवर `What-If Analysis` मध्ये `Goal Seek` आहे. त्यात `Set cell` ला B12, `To value` ला 25 आणि `By changing cell` ला B1 द्या. उत्तर सुमारे १९.९ टक्के येतं. म्हणजे बाकीचे अंदाज असेच राहिले, तर १,००० रुपये भाव पटण्यासाठी नफा सलग दहा वर्षं जवळपास २० टक्क्यांनी वाढायला हवा.

आता बी७ कडे पाहा. तिथला पेआउट २० टक्क्यांवर आलेला असेल. २५ टक्के आरओईवर एवढी वाढ हवी तर कंपनीला नफ्यातला ८० टक्के भाग धंद्यात ठेवावा लागेल. प्रत्यक्षात ती ६० टक्के वाटते आहे. एवढं भांडवल रिचवायला तिच्याकडे जागा नाही असंच तिचं व्यवस्थापन लाभांशातून सांगत आहे. भाव एक गोष्ट सांगतो आणि लाभांश दुसरी, तेव्हा पुढचं वाचन कुठे करायचं ते कळतं: नव्या कारखान्यांची क्षमता, त्यांवरचा खर्च, आणि व्यवस्थापनाने त्याबद्दल अहवालात काय लिहिलं आहे.

दुसरी शक्यता अशी की बाजारातल्या लोकांना १२.५ टक्क्यांची अपेक्षाच नाही. वाढीचे आकडे तसेच ठेवून अपेक्षित परतावा ११ केला तर पीई २०.४ होतो, १४ केला तर ११.४. रुपयांत ८१५ ते ४५५. या शेअरसाठी मी वहीत हाच पट्टा लिहीन, एकटा ५८५ नाही. भाव पट्ट्याच्या वर असेल तर कोणत्या एका अंदाजामुळे तो पटू शकेल, तेही शेजारी लिहीन.

कुठे वापरू नये

पोलाद, साखर, रसायनं अशा चक्राने चालणाऱ्या धंद्यात तेजीच्या वर्षीचा नफा घेतला तर आरओई आणि वाढ दोन्ही फुगतात, आणि त्याच वेळी बाजारातला पीई तळाला असल्याने शेअर फारच स्वस्त दिसतो. तिथे एका पूर्ण चक्राचा, सात-आठ वर्षांचा सरासरी आरओई सध्याच्या पुस्तकी मूल्याला लावून नफा काढावा आणि मगच हे सूत्र वापरावं.

कर्जावर वाढणाऱ्या कंपनीत आरओई मोठा दिसतो, पण तो कर्जाने ताणलेला असतो. अशा वेळी आरओई तसाच ठेवून बीटा मात्र ०.९ लावणं चुकीचं. जोखीम वाढली की अपेक्षित परतावाही वाढवावा लागतो. उलट एखाद्या कंपनीकडे वापरात नसलेली मोठी रोकड पडून असेल तर आरओई विनाकारण खाली येतो. ती रोकड प्रतिशेअर काढून बाजूला ठेवा, तिच्यावरचं व्याज नफ्यातून वजा करा, उरलेल्या धंद्याचा पीई काढा आणि शेवटी भावात रोकड मिळवा.

तोट्यातल्या कंपनीला यातलं काहीच लागू पडत नाही. नफा उणे असताना पीईला अर्थ नसतो. तिथे विक्रीपासून सुरुवात करून नफा केव्हा आणि किती येईल ते आधी मांडावं लागतं, आणि स्थिर नफ्याच्या वर्षापासून पुढे वरचंच दुसऱ्या टप्प्याचं सूत्र लावता येतं.